‘अहो काकू, मीठ संपलंय!’

माझी पाच वर्षांची भाची मला एरवी ‘ए मावशी’ म्हणते. परवा दुपारी मात्र ती जेवणाच्या टेबलामागे उभी राहिली, खांद्यावर नॅपकिन टाकला आणि मला म्हणाली, ‘‘अहो काकू, पिशवी आणलीय का तुम्ही?’’ टेबलावर बिस्किटांचा रिकामा पुडा, चहाचं पाकीट, साबणाची दोन खोकी आणि मिठाची पिशवी मांडलेली होती. आमचं दुकान उघडलं होतं. ‘तुम्ही’ हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आईचा हात धरून उभी असताना तिने तो ऐकला होता, आणि दुकानदार झाल्याबरोबर तो आपोआप तिच्या तोंडी आला.

दुकान-दुकान हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला असतो. पण पाच वर्षांच्या मुलासाठी तो मांडायचा असेल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. या खेळात माल आणि पैसे ही निमित्तं आहेत, खरा खेळ बोलण्याचा आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ साली मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं. प्रत्येक भूमिकेच्या पोटात तिचे नियम असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात दोन बहिणींचं उदाहरण आहे. त्या खऱ्याच बहिणी, पण एकदा त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळायला लागल्या. रोज बहीण असणं हे नुसतं असणं असतं. खेळात बहीण व्हायचं तर बहिणीने कसं वागायचं, याचा विचार करावा लागतो. दुकानाचंही तसंच. दुकानदार झालेल्या मुलाला समोरच्या बिस्किटाच्या पुड्यावर हक्क सांगता येत नाही, त्याला तो विकावा लागतो. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, समोरच्याचं ऐकून मगच उत्तर देणं या गोष्टी सांगून जमत नाहीत, भूमिका अंगावर आली की जमतात.

दुकानासाठी दहा-बारा रिकामी पाकिटं पुरतात. त्याहून जास्त माल मांडला की मूल नुसतं मांडत बसतं, विक्री होतच नाही. रिकामं पाकीट आडवं पडतं, म्हणून त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि तोंड चिकटपट्टीने बंद करायचं. स्टेपलरची पिन लावू नये, ती निघून बोटाला लागते. मिठाच्या पिशवीत जुन्या कापडाच्या चिंध्या भरल्या तर ती हातात थोडी भरीव लागते. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून घ्यावी. काही गोष्टी मात्र दुकानात ठेवूच नयेत. औषधांची पाकिटं, फिनेलच्या आणि ॲसिडच्या बाटल्या, कपडे धुण्याच्या पावडरीची पाकिटं या खेळात नकोत. पावडर कोपऱ्यात उरलेली असते, आणि एरवी ज्याला हात लावायचा नाही असं आपण बजावतो, तेच खेळायला देणं चुकीचं आहे. पत्र्याच्या डब्याची कापलेली कडही नको.

महाग साधनांवाचून मुलांना शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या. तिथे दगड, शिंपले, बिया, पानं हीच शिकण्याची साधनं होती. आमच्या दुकानातले पैसे म्हणजे चिंचोके, ते त्याच वाटेने आले आहेत. त्यामागे एक कारणही आहे. पाच वर्षांच्या मुलाला एक-एक रुपयाची तीन नाणी पाचाच्या एका नाण्यापेक्षा जास्त वाटतात, कारण ते नाणी मोजतं, किंमत नाही. एक चिंचोका म्हणजे एक रुपया, एवढाच हिशेब ठेवला की हा घोळ होत नाही. घरात लहान भावंड असेल, तर चिंचोक्यांऐवजी पुठ्ठ्याचे मोठे गोल कापावेत, म्हणजे कुणी ते गिळणार नाही.

पाकिटावर छापलेल्या किमतीकडे दुर्लक्ष करायचं. प्रत्येक पाकिटावर कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर एक ते पाच ठिपके काढायचे. पुड्यावर तीन ठिपके असतील, तर एकेका ठिपक्यावर एकेक चिंचोका ठेवायचा, ठिपके झाकले गेले की पैसे पुरले. आकडे वाचता न येणाऱ्या मुलालाही हे जमतं. पहिले काही दिवस सुटे पैसे परत देण्याची भानगड नको. वजाबाकी या वयाचं काम नाही, आणि तिथे अडकलं की बोलणं थांबतं.

आता भूमिका. त्या तीनच ठेवाव्यात आणि प्रत्येकीला दोन-तीन वाक्यं पुरेशी आहेत. दुकानदार म्हणतो, ‘‘या, काय हवं?’’, ‘‘किती देऊ?’’ आणि ‘‘एवढे पैसे झाले.’’ गिऱ्हाईक विचारतं, ‘‘अमुक आहे का?’’, ‘‘केवढ्याला?’’ आणि ‘‘द्या.’’ तिसरी भूमिका आहे दुकानात भेटलेल्या शेजारणीची. तिला काही विकत घ्यायचं नसतं, तिचं काम गप्पा मारायचं. ‘‘आज इकडे कशा? पाहुणे आलेत वाटतं?’’ असं तिने विचारलं की गिऱ्हाइकाला सांगावं लागतं की पाहुणे कोण, कुठून आले, त्यांच्यासाठी काय करायचं आहे. खरेदी-विक्रीची वाक्यं ठरलेली असतात, या उत्तराचं वाक्य मात्र मुलाला स्वतः जुळवावं लागतं. लाजाळू मुलाला आधी दुकानातला मदतनीस करावं. त्याने फक्त माल काढून द्यायचा. दोन-तीन गिऱ्हाइकं झाली की तोच बोलायला लागतो.

आमच्या त्या दुपारच्या दुकानात मी गिऱ्हाईक होते आणि भाचीची आई शेजारीण. मी साबण मागितला. भाचीने विचारलं, ‘‘किती देऊ?’’ मी म्हटलं, ‘‘दोन.’’ तिने दोन खोकी पुढे केली आणि ‘‘घ्या दोन खोकं’’ म्हणाली. मी चूक दाखवली नाही. ‘‘बरं, दोन खोकी झाली. आणि चहाची पाकिटं आहेत का?’’ एवढंच विचारलं. थोड्या वेळाने तिच्या आईने साबण मागितला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘खोकी संपली, काकूंनी नेली.’’ मराठीत एक पुडा, दोन पुडे. एक पिशवी, दोन पिशव्या. एक खोकं, दोन खोकी अशी प्रत्येक शब्दाची वेगळी तऱ्हा आहे. पुस्तकातून ती पाठ करायला गेलं तर मूल कंटाळतं. दुकानात मात्र ‘किती?’ हा प्रश्न दर मिनिटाला येतो आणि योग्य रूप कानावर पडत राहतं. म्हणूनच माल निवडताना पुडा, पिशवी, खोकं, बाटली, डबा अशी वेगवेगळी नावं येतील असा निवडावा.

मग मी मीठ मागितलं. भाचीने मिठाची पिशवी पाठीमागे लपवली आणि म्हणाली, ‘‘अहो काकू, मीठ संपलंय!’’ माझ्या मते खेळ खरा रंगला तो इथे. सगळं सुरळीत चाललं की गिऱ्हाईक येतं, घेतं आणि जातं. काही अडलं की बोलावं लागतं. मी म्हटलं, ‘‘अहो, आमटी चुलीवर आहे, मिठावाचून कशी होणार?’’ तिने थोडा विचार केला. ‘‘शेजारच्यांकडून वाटीभर घ्या. उद्या गाडी येईल, मग त्यांना परत द्या.’’ या दोन वाक्यांत अडचण आहे, तिच्यावरचा उपाय आहे, आज आणि उद्या आहे, उसनं घेणं आणि फेडणंही आहे. तिला नुसतं ‘काहीतरी बोलून दाखव’ म्हटलं असतं, तर यातलं काहीच निघालं नसतं. म्हणून एका खेळात एखादीच अडचण मोठ्यांनी आणावी: माल संपला, पिशवी फाटली, एक चिंचोका कमी पडला. एकामागून एक अडचणी आणल्या की मूल गोंधळतं.

खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा आपल्यामुळे. मूल मन लावून मोजत असतं आणि आपण मध्येच विचारतो, ‘‘पाच आणि तीन किती होतात, सांग बरं?’’ त्या क्षणी दुकान बंद होतं आणि शाळा भरते. हे ओळखायची खूण सोपी आहे. ‘अहो काकू’ म्हणणारं मूल पुन्हा ‘ए मावशी’वर येतं आणि मालाऐवजी आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. तसं झालं तर शिकवणं सोडून पुन्हा गिऱ्हाईक व्हावं. ‘‘माझे पैसे बरोबर आहेत ना हो? मोजून घ्या,’’ असं म्हटलं तर तेच मोजणं होतं, पण दुकानदार म्हणून.

दोन मुलं असली की दोघांनाही दुकानदारच व्हायचं असतं. त्यावर नॅपकिन कामी येतो. ज्याच्या खांद्यावर नॅपकिन तो दुकानदार, आणि चार गिऱ्हाइकं झाली की नॅपकिन दुसऱ्याकडे. घड्याळापेक्षा गिऱ्हाइकं मोजणं मुलांना पटतं, कारण ती दिसतात. एखादं मूल काहीच विकायला तयार नसतं, सगळा माल कवटाळून बसतं. त्याच्याशी ओढाताण करू नये. ‘‘बिस्किटं नाहीत का? मग दुसरं काय आहे तुमच्याकडे?’’ असं विचारलं की ते नको असलेलं एखादं पाकीट तरी पुढे करतं, आणि तिथून विक्री सुरू होते. पंधरा-वीस मिनिटांत मुलाचं लक्ष उडालं, तर दुकानाची वेळ संपली असं समजावं. माल खोक्यात भरून ठेवणं हाही दुकानदाराच्याच कामाचा भाग आहे.

या खेळातून पाच वर्षांच्या मुलाला खऱ्या पैशांचा व्यवहार येणार नाही, तशी अपेक्षाही करू नये. पण दुकानात कधी ना कधी गेलेलं पाच वर्षांचं मूल कुठल्याच खेळात काही ‘समजून’ खेळत नसेल, किंवा त्याचं बोलणं घराबाहेरच्यांना कळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

या आठवड्यात कचऱ्याच्या डब्यात जाणारी दहा पाकिटं बाजूला ठेवा, त्यांत कागदाचे बोळे भरा आणि ठिपके काढताना मुलाला बरोबर घ्या. मग मुलाला दुकानदार करा, तुम्ही हातात पिशवी घेऊन गिऱ्हाईक व्हा आणि त्याला ‘अहो’ म्हणून हाक मारा.