आबांच्या वेळापत्रकातली पाटी

गोष्टीतल्या मुलीला मुक्ता म्हणू. पुण्याच्या उपनगरात राहते, यंदा दहावीला आहे. सहामाहीत विज्ञानाचे मार्क घसरलेले, आणि दिवाळीला सातारा जिल्ह्यातल्या गावी आली तेव्हा सोबत पुस्तकांची एक आख्खी पिशवी होती, जी अर्थातच उघडली गेली नाही. फराळाचे डबे ठेवायला जागा हवी म्हणून आजीने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला सांगितली. तिच्या झाकणाला आतून एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. आबांचं, म्हणजे आजोबांचं, १९७० सालच्या मॅट्रिकचं वेळापत्रक.

त्या वेळी मॅट्रिक म्हणजे अकरावी. महाराष्ट्रात दहावीची शालान्त परीक्षा १९७५ पासून सुरू झाली. आबांच्या घरी तेव्हा वीज नव्हती, शाळा ११ ते ५ होती आणि गोठ्यात दोन म्हशी होत्या. हे सगळं त्या कागदावर दिसतं. पहाटे साडेचार ते सहा पाठांतर. मग दीड तास ‘गोठा, पाणी’. साडेसात ते साडेनऊ गणित. संध्याकाळी सात ते साडेआठ इंग्रजी नाहीतर इतिहास. साडेआठ ते नऊ या शेवटच्या अर्ध्या तासापुढे फक्त ‘पाटी – काल’ एवढंच. रविवारच्या रकान्यात ‘पाटी – आठवडा’, आणि तळाशी ‘महिनाअखेर: पाटी – सर्व’. गुरुवारची संध्याकाळ कोरी.

मुक्ताने मोबाइलवर फोटो काढला आणि पुण्याला आल्यावर जे कुणीही करील तेच केलं. वेळा उचलल्या. पहाटे साडेचारचा गजर लावला. ‘पाटी’ म्हणजे हिशेबाची कच्ची कामं असणार असं समजून तो अर्धा तास गाळून टाकला. पंधरवड्याच्या आत ती क्लासमध्ये पेंगायला लागली, आणि घरात ‘हिच्याने होत नाही’ असं बोललं जाऊ लागलं.

मला यात मुलीचा दोष दिसत नाही, आकडेमोडीचा दिसतो. आबा साडेचारला उठत कारण नऊला झोपत. नऊला झोपत कारण रॉकेल जपून वापरावं लागे. म्हणजे झोप साडेसात तासांची. मुक्ताचा क्लास संध्याकाळी साडेसातला सुटतो, जेवण आणि गृहपाठ होईतो अकरा वाजतात. अकरा ते साडेचार म्हणजे साडेपाच तास. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. त्यात या वयात शरीराचं घड्याळच थोडं मागे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. ती कापून अभ्यासाला वेळ काढणं म्हणजे बियाणं दळून भाकरी करणं. शिवाय दहावीचे बहुतेक पेपर सकाळी ११ ला सुरू होतात. पहाटे साडेचारला डोकं चालतं की नाही हे तिथे कुणी विचारत नाही.

वेळापत्रकात खरी किमतीची गोष्ट होती ती गाळलेली पाटी. हे मुक्ताला कळलं ते आबांना फोन केल्यावर.

“आबा, रोज रात्री पाटीवर काय करायचात?”

“काल वाचलेलं लिहायचो. पुस्तक मिटून.”

“पाठ झालंय का बघायला?”

“नाही गं. झालेलं नसायचंच. जेवढं आठवायचं नाही तेवढंच परत उघडून वाचायचं, बाकीचं सोडून द्यायचं. वह्या महाग होत्या, पाटी फुकट. आणि चुकलं तर पुसलं की कुणाला दिसत नाही.”

आबांनी हे काही पुस्तकात वाचून केलं नव्हतं. पण याच्या मागे भक्कम अभ्यास आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरणं सावकाश, सारख्या वेगाने होत नाही, हे त्याला दिसलं. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात होते, मग वेग मंदावतो. अर्थ असलेला धडा निरर्थक अक्षरांइतका भराभर विसरत नाही, पण घसरणीची तऱ्हा तीच. म्हणून ‘काल’चं आज, मग आठवड्याने, मग महिन्याने, असं वाढत्या अंतराने परत येणं उपयोगी पडतं.

दुसरा प्रयोग त्याहून बोलका आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मुलांना छोटे उतारे दिले. काही उतारे दोनदा वाचायचे होते, काही एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायचे होते. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के, आणि लिहून काढलेलं ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटं झालं. दोनदा वाचलेलं ४२ टक्के उरलं होतं, लिहून काढलेलं ५६ टक्के. पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना ‘आपल्याला येतंय’ असा भरवसाही जास्त होता. रंगीत पेनांनी पान रंगवून ‘झाला माझा धडा’ म्हणणारी मुलं खोटं बोलत नसतात. त्या क्षणी त्यांना खरंच तसं वाटत असतं.

आता मुक्ताचं काय झालं ते जवळून बघू. सोमवारी तिने विज्ञान भाग १ मधला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा वाचला. मंगळवारी रात्री पुस्तक मिटून पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसली. बहिर्वक्र, अंतर्वक्र, नाभी, नाभीय अंतर हे सगळं आलं. सूत्रही आलं:

1/f = 1/v − 1/u

मग तिने धड्यातल्यासारखंच एक उदाहरण घेतलं. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू भिंगापासून ३० सेंमीवर, तर प्रतिमा कुठे पडेल? तिने u च्या जागी सरळ ३० घातले, उणे चिन्ह ‘असतं कुठेतरी’ म्हणून शेवटी लावलं आणि उत्तर काढलं १२ सेंमी. नुसतं वाचताना ही चूक कधीच सापडली नसती, कारण छापलेलं उदाहरण वाचताना ते बरोबरच दिसतं.

चूक तिला पुस्तक उघडायच्या आधीच कळली, आणि हा भाग मला फार आवडतो. वस्तू नाभीच्या पलीकडे, पण दुप्पट नाभीय अंतराच्या अलीकडे आहे. तिने आदल्या दिवशी पाहिलेल्या किरणाकृतीप्रमाणे अशा वस्तूची प्रतिमा पलीकडच्या बाजूला दुप्पट नाभीय अंतराच्याही पुढे, म्हणजे ४० सेंमीच्या पुढे पडायला हवी. १२ कसं येईल? मग पुस्तक उघडून तिने चिन्हसंकेत तेवढा वाचला. वस्तू भिंगाच्या डाव्या बाजूला ठेवतात आणि अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजतात, म्हणून u उणे ३०. आता 1/v = 1/20 − 1/30 = 1/60. प्रतिमा ६० सेंमीवर, दुप्पट मोठी आणि उलटी. पुढच्या रविवारी तिने तोच प्रकार वेगळे आकडे घेऊन केला, आणि उणे चिन्ह आपल्या जागी आलं.

यानंतर तिने वेळापत्रक नव्याने मांडलं, आणि आबांच्या कागदातल्या बहुतेक वेळा त्यात राहिल्या नाहीत. झोप साडेदहा ते साडेसहा. तिची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळचे दोन तास अवघड विषयाला. रात्री जेवणानंतर अर्धा तास ‘पाटी – काल’, पाठकोऱ्या कागदांवर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. रविवारी ‘पाटी – आठवडा’, एक तास. ‘पाटी – सर्व’ महिनाअखेरऐवजी पूर्वपरीक्षेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

बीजगणितात तिने आणखी एक बदल केला. एका दिवशी नुसती वर्गसमीकरणं, दुसऱ्या दिवशी नुसती अंकगणिती श्रेढी असं न करता रविवारी दोन्हींची गणितं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळायची आणि येईल ती सोडवायची. एका प्रकारची दहा गणितं ओळीने सोडवताना पहिल्यानंतर रीत निवडावीच लागत नाही, ती हातात असतेच. पेपरात मात्र आधी रीतच ओळखावी लागते. सुरुवातीला अशा मिसळीत उत्तरं जास्त चुकतात, त्याला घाबरून मुलं ती सोडून देतात.

कोऱ्या गुरुवारबद्दलही तिने विचारलं. तिला वाटलं आराम असणार. आजी मागून म्हणाली, “कसला आराम? बाजार असायचा. आठवड्यात जे राहिलं असेल ते मग हे बाजारातनं आल्यावर करायचे.” मुक्ताने बुधवारची संध्याकाळ तशी कोरी ठेवली. त्या आठवड्यात ताप आला, पाहुणे आले, क्लासने जादा तास घेतला की राहिलेलं बुधवारी जातं. दर पंधरा मिनिटांचा रकाना भरलेलं वेळापत्रक मी पहिल्या सोमवारीच मोडताना पाहिलं आहे, आणि एकदा मोडलं की मुलं ते पूर्ण सोडतात.

पाटीला मर्यादा आहेतच. जो धडा समजलेलाच नाही तो आठवून लिहिण्यात काही अर्थ नाही, तिथे आधी शिक्षकांना विचारावं लागतं. लिहिलेलं पुस्तकाशी ताडून पाहिलं नाही तर चूकच पक्की होते. भौमितिक रचनांना कंपास आणि हात लागतो, मराठीतल्या निबंधाला आणि पत्राला पूर्ण लिहिण्याचा सराव. आणि वेळेचं भान पाटीवर येत नाही. बीजगणिताचा पेपर ४० गुणांना दोन तासांचा, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. मराठी किंवा इंग्रजीचा ८० गुणांना तीन तासांचा, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. हा फरक घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवल्यावरच हाताला कळतो. मुक्ताने शेवटच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी सकाळी ११ लाच पेपर सोडवायला बसायचं ठरवलं, तेही याचसाठी.

तुमच्या घरात यंदा दहावी असेल तर भिंतीवरच्या वेळापत्रकात सकाळी उठायची वेळ सगळ्यात शेवटी लिहा. आधी एक अर्धा तास ठरवा, ज्यात पुस्तक मिटलेलं असेल आणि समोर कोरा कागद असेल. आणि त्या कागदावर काय चुकलं ते मुलाने आपण होऊन दाखवल्याशिवाय बघायला मागू नका.