दुकानातल्या मागच्या फळीबद्दल

तीर्थरूप बाबा,

साबण-बिस्किटांत आपण मॉलशी भावात टिकणार नाही. त्यांना थोकात मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. ती स्पर्धा सोडून द्या, असं मला मनापासून वाटतं. मागच्या फळीवर महिनोन्‌महिने पडून असलेल्या शाम्पूच्या बाटल्या वितरकाला परत करा, नाहीतर खरेदीच्या भावाने काढून टाका. त्यात आपलं भांडवल अडकलंय. रिकाम्या जागेत आईची थालीपिठाची भाजणी ठेवू.

हिशोब मात्र नीट घालावा लागेल. समजा, दहा किलो धान्य-डाळी सातशे रुपयांच्या, गॅस, गिरणी आणि पिशव्यांचे दोनशे. एकूण नऊशे. भाजताना ओल उडते, गिरणीतही थोडं पीठ राहतं, म्हणून हाती साधारण नऊच किलो येईल. खर्च किलोला नव्वद नाही, शंभर पडला. विक्रीचा भाव त्याच्यावरून ठरवायचा. पहिल्या घाण्याला वजन करून खरा आकडा काढू.

बाजरी, ज्वारी, हरभराडाळ, उडीद, धणे वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. पूर्ण गार झाल्यावरच दळायचं, नाहीतर पिशवीत वाफ धरून पिठाच्या गुठळ्या होतात. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून घाणा लहानच ठेवू.

पाकिटबंद विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. पाकिटावर वजन, तारीख, किंमत हवी. अर्ज मी भरते. उधारीच्या वहीतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी अर्धा-अर्धा किलो द्या. पुन्हा मागायला कोण येतं, ते वहीतच टिपून ठेवा.

तुमची,
ताई