दुसरा शनिवार आठ ते चौदाच्या मध्येच

डिसेंबर उजाडला की पतसंस्थेच्या कचेरीत नव्या वर्षाची सुट्ट्यांची यादी टाइप करायला घेतात. बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीची फाइल उघडून तिच्यातले साल बदलले जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांची तारीख ठरलेली असते, बदलतो तो फक्त वार. बँकांच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या सुट्टीचे उलटे आहे. तिथे वार ठरलेला आणि तारीख दरमहा वेगळी. गेल्या वर्षीचा आकडा तिथे चालत नाही, चालतो तो नियम.

हा नियम स्प्रेडशीटला कसा सांगायचा? महिन्याचा पहिला शनिवार १ ते ७ तारखांमध्ये कुठेतरी येतो, त्यामुळे दुसरा ८ ते १४ मध्येच पडणार. म्हणजे १५ तारखेच्या आधीचा सगळ्यात जवळचा शनिवार शोधला की काम झाले. साल B1 मध्ये लिहा, A4 पासून खाली १ ते १२ हे महिन्यांचे आकडे भरा आणि B4 मध्ये हे सूत्र घाला:

```
=DATE($B$1,A4,15)-WEEKDAY(DATE($B$1,A4,15))
```

WEEKDAY रविवारला १ आणि शनिवारला ७ धरते. १५ तारखेतून तिच्या वाराचा आकडा वजा केला की आपण मागच्या शनिवारी पोचतो. २०२६ चा ऑगस्ट घ्या. १५ तारीख शनिवारीच आहे, म्हणून ७ वजा होतात आणि उत्तर येते ८ ऑगस्ट. जानेवारीत १५ तारीख गुरुवारी आहे. गुरुवारचे ५ वजा केले की १० जानेवारी. चौथ्या शनिवारसाठी वेगळे डोके चालवायला नको, C4 मध्ये =B4+14 पुरते. दोन्ही सूत्रे डिसेंबरपर्यंत खाली ओढा. काहीजण सवयीने WEEKDAY च्या कंसात शेवटी २ लिहितात. तसे केले की मोजणी सोमवारपासून सुरू होते आणि रकान्यात सगळे रविवार येऊन बसतात.

ठरलेल्या तारखाही हाताने टाइप करू नयेत असे माझे मत आहे. =DATE($B$1,5,1) असे लिहिले तर १ मे हा १ मेच राहतो. संगणकावर अमेरिकी पद्धतीची तारीख लावलेली असेल, तर हाताने लिहिलेला 01/05/2026 गुपचूप ५ जानेवारी होतो. 15/08/2026 ची गत वेगळी. पंधरावा महिना नसल्याने ती तारीख न राहता नुसता मजकूर म्हणून पडून राहते. तारीख सहसा चौकटीत उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे, त्यावरून हे ओळखता येते. पण ५ जानेवारी झालेला महाराष्ट्र दिन उजवीकडेच बसतो. म्हणून शेजारी महिन्याचे नाव आणि वार दाखवणारा रकाना ठेवावा.

गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दिवाळी या तिथीच्या सुट्ट्यांपुढे मात्र हे सूत्र हात टेकते. चांद्र महिने आणि अधिक मास अशा साध्या वजाबाकीत मावत नाहीत. राज्य शासनाची अधिसूचना आली की त्या तारखा हातानेच भराव्यात आणि त्या चौकटींना वेगळा रंग द्यावा. साल बदलताना नेमके काय पुसायचे ते मग लगेच दिसते. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ऐनवेळी एखाद्या दिवसाने सरकू शकते, हेही ध्यानात असू द्या.

आता या सगळ्या तारखा E रकान्यात एकाखाली एक आणा. कामाचे दिवस मोजताना शनिवार सरसकट वगळून चालत नाही, कारण पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा शनिवार बँक चालू असते. म्हणून साप्ताहिक सुट्टी फक्त रविवारची धरायची. त्यासाठी सूत्रात ११ हा आकडा असतो:

```
=NETWORKDAYS.INTL(DATE($B$1,8,1),DATE($B$1,8,31),11,$E$4:$E$60)
```

२०२६ च्या ऑगस्टमध्ये पाच रविवार, ८ आणि २२ चे शनिवार आणि स्वातंत्र्यदिन गेला की ३१ पैकी २३ दिवस उरतात. सणांच्या सुट्ट्या यादीत चढल्या की ते आणखी कमी होतील. २०२७ मध्ये १५ ऑगस्ट रविवारी आहे. तेव्हा हे सूत्र तो दिवस दोनदा वजा करत नाही. हाताने मोजणारा हमखास करतो.

B1 मध्ये मागचे साल टाकताना मात्र सांभाळून. बँकांना दुसरा-चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून मिळाला, त्याआधी शनिवारी अर्धा दिवस काम चाले. राज्य शासनाच्या कचेऱ्यांनीही दुसरा-चौथा शनिवार सोडून २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा घेतला. सूत्राला यातले काही ठाऊक नसते. २०१४ लिहिले तरी ते बँकेच्या चोवीस शनिवारच्या सुट्ट्या बिनदिक्कत काढून देते. त्यामुळे वर्ष संपले की त्या वर्षीचा तक्ता कॉपी करून फक्त मूल्ये म्हणून वेगळ्या शीटवर चिकटवावा आणि सूत्रे पुढच्या सालासाठी ठेवावीत.