डोळ्यात थेंब, छातीत घरघर

समजा, साठी ओलांडलेल्या एक बाई आहेत. दमा लहानपणापासूनचा, पण कित्येक वर्षं आटोक्यात. पर्समध्ये निळा पंप असतो, तो महिन्यातून एखाद्या वेळी लागतो. चष्म्याचा नंबर काढायला गेल्या तेव्हा डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला, काचबिंदूचं निदान झालं आणि टिमोलॉलचे थेंब सुरू झाले: दोन्ही डोळ्यांत एकेक, सकाळ-संध्याकाळ. आठवड्याभरात खोकला लागला, रात्री छातीत घरघर सुरू झाली आणि पंप ओढूनही पूर्वीसारखं मोकळं वाटेना. फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही औषध सुरू केलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही हो." यात लपवाछपवी काही नाही, डोळ्यांच्या थेंबांना आपल्याकडे कुणी औषधात धरतच नाही.

टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांचंच भावंड. घाबरल्यावर किंवा पळताना शरीरात ॲड्रिनॅलिन वाढतं आणि ते पेशींवरच्या रिसेप्टरांना चिकटून काम करतं. रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ साली या रिसेप्टरांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट मांडले. १९६७ मध्ये बीटाचेही दोन प्रकार असल्याचं पुढे आलं. बीटा-१ मुख्यतः हृदयात आणि मूत्रपिंडात असतात. ते उद्दीपित झाले की ठोके वाढतात, हृदय जोरात आकुंचन पावतं. बीटा-२ श्वासनलिकांच्या स्नायूंवर असतात. ते उद्दीपित झाले की नलिका सैल होतात. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल याच बीटा-२ वर काम करतं. टिमोलॉल ते रिसेप्टर आधीच धरून बसतं. एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी तसं. पंपातलं औषध फुप्फुसात पोचतं, पण त्याला बसायला जागाच नसते.

मग दमा असलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी बीटा-१ वरच काम करणारं औषध का देत नाहीत? कारण डोळ्यातलं पाणी तयार करणाऱ्या सिलिअरी बॉडीमध्ये बहुतांश रिसेप्टर बीटा-२ आहेत. दाब उतरवायचा तर हे पाणी कमी तयार व्हायला हवं, म्हणजे नेमके तेच रिसेप्टर अडवायला हवेत जे फुप्फुसात मोकळे राहायला हवेत. बीटाक्सोलॉल नावाचे बीटा-१ कडे झुकलेले थेंब आहेत. ते फुप्फुसांना कमी त्रास देतात, पण दाबही टिमोलॉलइतका उतरवत नाहीत, आणि दम्यात पूर्ण बिनधोक तेही नाहीत.

एका थेंबाने एवढं काय होणार, असं कुणालाही वाटेल. अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम टिमोलॉल असतं. थेंबात ते साधारण पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी भरतं, दिवसाचे चार थेंब धरले तरी जेमतेम एक मिलिग्रॅम. पण पापणीच्या आत हा सगळा थेंब मावत नाही. उरलेला अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथल्या त्वचेतून थेट रक्तात जातो. गोळी गिळली तर औषध आधी यकृतात जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच निष्प्रभ होतं; थेंबाला हा टोलनाका लागतच नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञ सांगतात की थेंब टाकल्यावर डोळे मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. याने रक्तात जाणारं औषध बरंच कमी होतं, पण दमा असलेल्याने यावर विसंबून टिमोलॉल चालू ठेवू नये.

बाईंच्या बाबतीत खुणा सरळ होत्या. त्रास थेंबांच्या पाठोपाठ आला, पंप निकामी ठरू लागला आणि नाडी आधीपेक्षा मंद झाली, कारण टिमोलॉल बीटा-१ लाही सोडत नाही. उपाय म्हणजे त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना कळवून थेंब बदलून घेणं. नुसते बंद करून चालत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. लॅटानोप्रोस्टसारखे थेंब वेगळ्या वाटेने दाब उतरवतात आणि बीटा रिसेप्टरांना हात लावत नाहीत. एक सावधगिरी मात्र हवीच: डॉर्झोलामाइड किंवा ब्रिमोनिडीन यांच्या जोडीच्या बाटल्यांमध्येही टिमोलॉल असतं, आणि ते लेबलवरच्या बारीक अक्षरात असतं.

रक्तदाबात हा पेच नाही. तिथे हवे तेवढे बीटा-१ च आहेत: हृदयाचा जोर कमी करायचा आणि मूत्रपिंडातून रेनिन स्रवणं कमी करायचं. त्यामुळे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही हृदयाकडे झुकलेली औषधं इथे जास्त सोयीची. सगळी सारखी निवडक मात्र नाहीत. प्रयोगशाळेतल्या मोजणीत बिसोप्रोलॉलची बीटा-१ ला पसंती सुमारे चौदा पट भरते, अटेनोलॉलची पाच पटीच्या आसपास, मेटोप्रोलॉलची जेमतेम दोन पट. डोस वाढला की ही निवड आणखी पुसट होते. शिवाय नुसत्या रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर आता बहुधा पहिली पसंती नसतात. २००२ च्या 'लाइफ' चाचणीत अटेनोलॉल आणि लोसार्टान यांनी दाब जवळपास सारखाच उतरवला, तरी लोसार्टान घेणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले. सोबत अंजायना असेल किंवा ठोके फार वेगाने पडत असतील, तर बीटा-ब्लॉकर पुन्हा यादीत वर येतात.

हार्ट फेल्युअरमध्ये गणित उलटं वाटतं. थकलेल्या हृदयाचा जोर कमी करणारं औषध द्यायचं, ही कल्पना १९७५ मध्ये स्वीडनच्या योटेबोर्गमधून फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मांडली तेव्हा अनेक डॉक्टरांना पटली नाही. पण अशा हृदयावर ॲड्रिनॅलिनचा सततचा मारा चालू असतो आणि त्यानेच ते आणखी खचतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिबिस-२' चाचणीत बिसोप्रोलॉल घेणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी १७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

मात्र इथे औषध निवडताना रिसेप्टरांचा तर्क पुरा पडत नाही. बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट बीटा-१ कडे झुकलेले, तर कार्व्हेडिलॉल दोन्ही बीटा आणि वर अल्फाही अडवणारं. तरी तिन्हींनी आयुष्य वाढवल्याचं चाचण्यांत दिसलं. कार्व्हेडिलॉलसारखंच दोन्ही बीटा अडवणारं ब्युसिंडोलॉल २००१ च्या मोठ्या चाचणीत एकूण मृत्यू लक्षणीय कमी करू शकलं नाही. म्हणून हृदयतज्ज्ञ इथे चाचणीत उतरलेलंच औषध देतात, आणि तेही अगदी थोड्या मात्रेत सुरू करून. बिसोप्रोलॉल सव्वा मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि झेपेल तसं, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने, दहापर्यंत वाढतं. सुरुवातीला वजन वाढणं, पायांवर सूज, थोडा थकवा येऊ शकतो. गोळी एकदम बंद करणं त्याहून धोक्याचं असतं.

दमा आणि हार्ट फेल्युअर एकाच माणसाला असले, तर कार्व्हेडिलॉल बाद होतं. बिसोप्रोलॉल कमीत कमी मात्रेत, श्वासाची तपासणी करून, देखरेखीखाली देऊन पाहता येतं. बीटा-२ बऱ्याच अंशी मोकळे राहत असल्याने पंप काम करत राहतो. सिगारेटने फुप्फुसं खराब झालेल्या सीओपीडीच्या रुग्णांना ते सहसा झेपतं. घरचे त्यालाही दमाच म्हणतात आणि त्यापायी चांगलं औषध कधीकधी उगाच नाकारलं जातं. खरा दमा असून बिसोप्रोलॉलही सोसलं नाही, हृदयाची लय नेहमीची असेल आणि नाडी सत्तरच्या वर असेल, तर इवाब्रॅडिन हा पर्याय उरतो. ते ठोके कमी करतं, पण बीटा रिसेप्टरांच्या वाटेला जात नाही.