एका सेकंदाची आठवण

घरातल्या स्पीकरला ‘अलेक्सा’ म्हणून हाक मारली की तो लगेच ओ देतो. म्हणजे हाक मारण्याआधीपासूनच तो ऐकत असणार, आणि मग आपलं दिवसभराचं बोलणंही कुठेतरी जात असणार, असं बहुतेकांना वाटतं. यातला पहिला भाग अगदी खरा आहे. दुसरा भाग मात्र तसाच्या तसा खरा धरता येत नाही. हाक ओळखण्याचं काम उपकरणातच होतं आणि ते करणारा तुकडा इतका लहान असू शकतो की बोलणं साठवायला त्याच्याकडे जागाच नसते.

कंपन्यांच्या चिपच्या पोटात काय चालतं ते बाहेरच्याला दिसत नाही. सुदैवाने याच कामाचा एक छोटा नमुना सगळ्यांसाठी खुला आहे. तो गूगलमधल्या अभियंत्यांनी लिहिला आणि `micro_speech` या नावाने ओळखला जातो. त्याला ‘येस’ आणि ‘नो’ हे दोनच शब्द कळतात. तो ज्या सर्किट बोर्डांवर चालतो त्यांपैकी आर्डुइनो कंपनीचा एक बोर्ड बोटभर आकाराचा आहे. बोर्डावरच मायक्रोफोन आहे आणि ६४ मेगाहर्ट्झच्या त्याच्या प्रोसेसरला तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, मिळते फक्त २५६ किलोबाइट. ‘येस’ म्हटलं की हिरवा दिवा लागतो, ‘नो’ म्हटलं की लाल.

आता हिशेब मांडू. मायक्रोफोनमधून आवाजाची मोजमापं सेकंदाला १६,००० या वेगाने येतात. प्रत्येक मोजमापाला दोन बाइट लागतात, म्हणजे एका सेकंदाचं बोलणं ३२ किलोबाइट जागा खातं. सगळी रॅम आवाजालाच दिली तरी आठ सेकंदांत ती भरून जाईल, आणि रॅममध्ये इतरही कामं चालू असतात. म्हणून आवाज रहाटगाडग्यासारखा फिरवतात. ठरावीक जागा असते, नवा आवाज आला की तो सर्वांत जुन्या आवाजावर लिहिला जातो आणि जुना कायमचा जातो.

या फिरत्या आवाजातून प्रोसेसर दर २० मिलिसेकंदांनी ३० मिलिसेकंदांचा एक तुकडा उचलतो. त्या तुकड्यात खर्जापासून टिपेपर्यंत कोणत्या पट्टीत किती जोर आहे हे तो मोजतो आणि ४० पट्ट्यांसाठी ४० आकडे लिहितो. असे ४९ तुकडे एकापुढे एक ठेवले की साधारण एका सेकंदाचं चित्र तयार होतं. ४९ गुणिले ४०, म्हणजे १,९६० आकडे. प्रत्येक आकडा एका बाइटचा, त्यामुळे ३२ किलोबाइटचा आवाज दोन किलोबाइटच्या आत येऊन बसतो.

हे चित्र कागदावर छापलं तर माणसालाही त्यात शब्द दिसू शकतो. ‘येस’च्या सुरुवातीला ‘ये’चा स्वर असतो, त्याचा जोर खालच्या आणि मधल्या पट्ट्यांत पडतो. मग ‘स’ येतो आणि वरच्या पट्ट्या एकदम उजळतात, कारण ‘स’ म्हणजे चार हजार हर्ट्झच्या वरची फुसफुस. ‘नो’मध्ये ती फुसफुस नाहीच, त्यामुळे त्याचं चित्र शेवटपर्यंत खालच्या बाजूला भरलेलं राहतं. जवळच फोडणी तडतडत असेल तर मात्र वरच्या पट्ट्या तशाही उजळलेल्या असतात. त्यामुळेच अशी यंत्रणा शिकवताना शब्दांत मुद्दाम गोंगाट मिसळतात.

चित्र ओळखायचं काम एक अगदी छोटं न्यूरल नेटवर्क करतं. त्यात आठ साचे असतात. प्रत्येक साचा काळाच्या बाजूने दहा आणि पट्ट्यांच्या बाजूने आठ घरांचा, म्हणजे ८० आकड्यांचा. हे साचे दोन-दोन घरं सोडत चित्रावरून सरकवले की २५ गुणिले २० जागी आठ-आठ, म्हणजे ४,००० उत्तरं मिळतात. त्या उत्तरांना वजनं लावून शेवटी चार गुण काढले जातात: शांतता, अनोळखी आवाज, येस आणि नो. सगळी वजनं मिळून १६,६४० आकडे होतात. एका चित्रासाठी सुमारे ३ लाख ३६ हजार गुणाकार करावे लागतात. माणसाला हे डोंगराएवढं वाटेल, पण सेकंदाला कोट्यवधी टिचक्या मारणाऱ्या प्रोसेसरला ते सेकंदातून अनेकदा करता येतं.

शिकवताना ही वजनं चार-चार बाइटच्या दशांश संख्या असतात. चिपवर चढवण्याआधी त्या उणे १२८ ते १२७ मधल्या पूर्णांकांत बसवतात, एकाला एक बाइट. अचूकता थोडी घसरते, जागा मात्र चौथ्या हिश्शावर येते आणि पूर्णांकांचे गुणाकार स्वस्तातही पडतात. सगळी वेष्टनं धरून मॉडेल वीसेक किलोबाइटचं होतं. आपण मोबाइलवर पाठवतो त्या सुप्रभातच्या फोटोपेक्षाही लहान.

शिक्षण चिपवर होत नाही. ते आधीच मोठ्या संगणकावर, हजारो लोकांच्या आवाजातल्या नमुन्यांवर झालेलं असतं. या नमुन्यासाठी पीट वॉर्डन यांनी एक-एक सेकंदाच्या इंग्रजी शब्दांचा खुला संग्रह तयार केला. २०१८ सालच्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ३५ शब्दांचे एक लाखाहून अधिक उच्चार आहेत. चिपला या संग्रहातलं काहीच आठवत नाही. तिच्याकडे येतात फक्त तयार वजनं.

मग आवाज बाहेर का पाठवत नाहीत? कंपन्यांच्या सज्जनपणावर मी फारशी भिस्त ठेवणार नाही, विजेच्या हिशेबावर मात्र ठेवीन. घड्याळात वगैरे असते त्या बटण-बॅटरीची क्षमता सुमारे २२० मिलिअँप-तास असते. ओळखणाऱ्या चिपने एक मिलिवॉट घेतला तर ती बॅटरी कागदावर तरी सत्तावीस दिवस पुरते, आणि याच कामासाठी बनवलेल्या काही चिप त्याहून कमी विजेवर चालतात. वायफायवरून सतत आवाज पाठवायचा तर पाठवण्याच्या क्षणी शंभर मिलिअँपच्या वर प्रवाह लागतो. बटण-बॅटरी एवढा प्रवाह नीट देऊच शकत नाही. आयफोन ६ वर ‘हे सिरी’ ही हाक फोन चार्जरला लावलेला असतानाच ऐकू जायची. २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये एक छोटा, सतत जागा राहणारा प्रोसेसर आला आणि चार्जरची अट गेली. ॲपलने २०१७ साली ही रचना सविस्तर लिहिली. छोट्या प्रोसेसरवर थरामागे ३२ घटकांचं नेटवर्क चालतं. त्याला संशय आला की मुख्य प्रोसेसर जागा होतो आणि तोच आवाज १९२ घटकांच्या मोठ्या नेटवर्ककडून पुन्हा तपासून घेतो. अर्थात भिंतीच्या सॉकेटला लावलेल्या स्पीकरला बॅटरीची काळजी नसते. तिथे विजेचा मुद्दा लंगडा पडतो आणि निर्मात्याने आतली रचना कशी केली यावर सगळं येऊन ठेपतं.

खरी अडचण चुकीच्या जागेपणाची आहे. समजा यंत्रणा सेकंदाला पाच वेळा चित्र तपासते. दिवसाला ४ लाख ३२ हजार तपासण्या झाल्या. लाखात एक चूक म्हणजे शाळेत पैकीच्या पैकी गुण, पण इथे रोज चार वेळा फुकटची ओ. म्हणून एका चित्रावर निर्णय होत नाही. आपल्या नमुन्यात गेल्या सेकंदातल्या गुणांची सरासरी काढतात. किमान तीन निकाल हाती हवेत आणि सरासरी २५५ पैकी २०० च्या वर हवी, तेव्हाच शब्द मान्य होतो. त्यानंतर दीड सेकंद तोच शब्द पुन्हा मोजत नाहीत, नाहीतर एकाच हाकेला दोनदा दिवा लागेल. दोनशेचा उंबरठा वाढवला तर खोट्या ओ कमी होतात, पण सर्दी झालेल्या आजीला दोन-तीनदा हाक मारावी लागते. दोन्ही एकाच वेळी शून्यावर आणता येत नाही. उंबरठा कुठे ठेवायचा हे कुणीतरी माणूस ठरवतो.

हाकेचा शब्द निवडण्यातही हीच मेख आहे. मराठीत असं उपकरण करायचं तर ‘हो’ चालणार नाही, तो फार आखूड आहे आणि चित्रात पकडायला त्यात काही नाही. ‘ऐक’ त्याहून वाईट, कारण ‘ऐकलं का’, ‘ऐकतोस ना’ यांशिवाय आपल्या घरात दिवस जात नाही. तीन-चार अक्षरी, स्वर-व्यंजनांची चांगली उलटापालट असलेला आणि गप्पांत सहसा न येणारा शब्द लागतो. इतकं करूनही चूक होते. जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठातल्या आणि माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली अशा उपकरणांसमोर मालिका, बातम्या लावून ठेवल्या आणि त्यांना खोटं जागं करणारे हजाराहून अधिक शब्दसमूह सापडले. ‘अलेक्सा’ला ‘इलेक्शन’ पुरलं, ‘हे सिरी’ला ‘अ सिटी’.

जाग आल्यावर सगळंच बदलतं. तोवर उपकरणाबाहेर काही गेलेलं नसतं, पण त्या क्षणी मोठी यंत्रणा उठते आणि पुढचं बोलणं अनेकदा कंपनीच्या सर्व्हरकडे निघतं. हाकेच्या आधीचा एखादा क्षणही सोबत जाऊ शकतो, कारण तो त्या फिरत्या जागेत अजून शिल्लक असतो. जाग खोटी असेल तर आपलं खाजगी वाक्यही त्याच वाटेने जातं. सिरीच्या अशाच नकळत झालेल्या ध्वनिमुद्रणांवरून अमेरिकेत खटला झाला. ॲपलने आरोप मान्य केले नाहीत, पण साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ॲमेझॉनच्या काही स्पीकरवर अमेरिकेत ध्वनिमुद्रण बाहेर न पाठवण्याचा पर्याय होता, तो २८ मार्च २०२५ पासून बंद झाला. हाक मात्र अजूनही स्पीकरमध्येच ओळखली जाते.

स्वतः पाहायचं असेल तर राउटरच्या पानावर प्रत्येक उपकरणाने किती डेटा पाठवला ते बहुधा दिसतं. स्पीकरला हाक न मारता त्याच्यासमोर तासभर गप्पा मारा. तेवढं बोलणं दाबून लहान केलं तरी सातेक मेगाबाइट होतं, आकड्यांत ते लपत नाही. या तपासणीलाही मर्यादा आहे. आत काय लिहिलंय ते कळत नाही, फक्त वजन कळतं. आवाजाऐवजी उपकरणाने बोलण्याचा मजकूर करून पाठवला तर तो फारच थोड्या जागेत मावेल. बोर्डावरच्या त्या वीस किलोबाइटच्या मॉडेलला ते शक्य नाही. स्पीकरमधल्या मोठ्या प्रोसेसरबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येणार नाही, म्हणून माइक बंद करण्याचं बटण पाहून घ्यावं, आणि ते माइकचा प्रवाहच तोडतं की फक्त सॉफ्टवेअरला सांगतं, हे विकत घेण्याआधी विचारावं.