इंटरनेट आठवडाभर बंद, मग बिल पूर्ण का?

ब्रॉडबँड कंपनीला पत्र लिहिताना माणसं मनस्तापाचं वर्णन लांबवतात आणि तक्रार क्रमांक विसरतात. खरं तर पत्राचा सगळा भार त्या क्रमांकावरच असतो. कंपनी सेवा बंद असल्याचे दिवस तक्रार नोंदल्यापासून मोजते. राउटरवरचा ‘LOS’ दिवा शनिवारी लाल झाला, पण फोन सोमवारी केला, तर मधला काळ सिद्ध करणं अवघडच.

ट्रायच्या सेवा-दर्जाच्या नियमांत भाड्यात सवलतीची तरतूद आहे. दुरुस्तीला कामाचे तीनहून अधिक आणि सातपर्यंत दिवस लागले, तर सात दिवसांचं भाडं वळतं होतं. त्यापुढे, पंधरापर्यंत लागले तर पंधरा दिवसांचं. इथे रविवार धरत नाहीत, म्हणून आठवडाभराचा खंड बहुधा पहिल्याच टप्प्यात बसतो.

महिन्याचं भाडं ९०० रुपये धरू. सात दिवसांचे २१०, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७.८०, एकूण २४७.८०. पत्रात एवढंच लिहावं: “तक्रार क्रमांक अमुक, नोंद या तारखेला, सेवा सुरू त्या तारखेला. २४७.८० रुपये पुढील बिलात वळते करावेत.” बुडालेल्या कामाची भरपाई या सवलतीत येत नाही, ती मागणी इथे मिसळू नये.

नकार आला, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.