दम्यातील श्वसनयांत्रिकी

दम्यामध्ये श्वासमार्ग अरुंद झाल्याने हवेच्या प्रवाहास होणारा रोध वाढतो. ‘श्वास घेता येत नाही’ अशी रुग्णाची तक्रार असली, तरी मूळ अडचण मुख्यतः उच्छ्वासाची असते.

फुप्फुसे स्थितिस्थापक असून सतत आकुंचन पावू पाहतात. छातीची भित्ती मात्र शांत उच्छ्वासाच्या शेवटी बाहेरच्या बाजूस ओढ घेते. या रस्सीखेचीमुळे दोहोंमधील परिफुप्फुस पोकळीतील दाब वातावरणीय दाबापेक्षा सुमारे ५ सेंमी. जलस्तंभाने कमी राहतो. श्वास घेताना मध्यपटल खाली उतरते, बरगड्या उचलल्या जातात आणि हा दाब −८ सेंमी.च्या आसपास पोहोचतो. शांत उच्छ्वासास स्नायूंची गरज नसते. ताणलेली फुप्फुसे आपोआप मिटतात.

दम्यात श्वासनलिकांचे अरेखित स्नायू आकुंचन पावतात, आतील अस्तर सुजते व चिकट कफ साचतो. प्रवाह संथ व स्तरीय असल्यास रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली, तर रोध १६ पट होतो.

मग जोर लावून हवा बाहेर का काढता येत नाही? समजा, रुग्णाने जोराने उच्छ्वास केला आणि परिफुप्फुस दाब +२० सेंमी. झाला. फुप्फुसांची स्वतःची ओढ १० सेंमी. धरल्यास वायुकोशांतील दाब ३० सेंमी. होईल. तोंडाकडे जाताना हा दाब शून्यापर्यंत उतरतो. वाटेत जेथे तो २० होतो, त्याच्या पुढे नलिकेबाहेरील दाब आतल्यापेक्षा जास्त ठरतो व नलिका दाबली जाते. निरोगी माणसात हे स्थान सामान्यतः कूर्चायुक्त मोठ्या नलिकांत येते. दम्यात रोधामुळे दाब लवकर घसरतो, त्यामुळे ते कूर्चाविरहित सूक्ष्म नलिकांकडे सरकते. आता जोर दुप्पट केला, तर परिफुप्फुस दाब ४० आणि वायुकोशांतील दाब ५० होईल. परंतु दोहोंतील फरक १०च राहील. प्रवाह वाढत नाही, श्रम तेवढे वाढतात.

यावर शरीराचा उपाय म्हणजे फुप्फुसे अधिक फुगलेल्या स्थितीत श्वसन करणे. ताणलेल्या फुप्फुसऊती नलिकांना चोहोबाजूंनी ओढून उघड्या ठेवतात व फुप्फुसांची ओढही वाढते. मात्र याची किंमत मोठी आहे. फुप्फुसांची धारकता सुमारे ७० टक्क्यांपलीकडे भरली, की छातीच्या भित्तीची ओढही आतल्या बाजूस वळते आणि श्वास घेणाऱ्या स्नायूंना दोन्ही ओढींविरुद्ध काम करावे लागते. मध्यपटल सपाट झाल्याने त्याचा जोरही घटतो. रुग्णाची ‘श्वास घेता येत नाही’ ही तक्रार येथून येते.

शीळेसारखा आवाज ऐकू येण्यासाठी पुरेसा प्रवाह लागतो. त्यामुळे तीव्र झटक्यात तो नाहीसा होऊन छाती शांत झाली आणि रुग्ण थकलेला दिसला, तर ती सुधारणा नसून श्वसन निकामी होत असल्याची खूण असते.